रिपोर्टची टोटल चुकली? मॅनेजरला मेल असा लिहा



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये एक्सेलची एक चूक स्क्रीनवर दाखवली होती. बेरीज चुकते, पण कुठेही लाल खूण येत नाही, कुठेही एरर दिसत नाही. ती चूक सापडल्यावर मॅनेजरला जो मेल लिहायचा, तो इथे देते, म्हणजे तुम्हाला कॉपी करून ठेवता येईल. पण मेल समजायचा असेल तर आधी चूक नेमकी कशी झाली ते समजायला हवं. उदाहरण माझंच आहे.

व्यवसाय सुरू करण्याआधी मी नाशिकला एका वितरकाच्या ऑफिसमध्ये काम करत होते. बिस्किटं, साबण, चहा असा माल दुकानांत जायचा. शहर, सिन्नर आणि निफाड असे तीन रूट होते आणि प्रत्येक रूटला एक सेल्समन. महिना संपला की कोणत्या रूटवर किती विक्री झाली, याचा रिपोर्ट मी मॅनेजर सरांना पाठवायचे. १ मेला सुट्टी होती, म्हणून एप्रिलचा रिपोर्ट २ मेला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरचा सेल्समन टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, माझं टार्गेट झालंय. तुमच्या कागदावर नाही झालेलं."

त्याचं टार्गेट होतं ३,५०,००० रुपयांचं. माझ्या रिपोर्टमध्ये सिन्नर रूटसमोर आकडा होता ३,०५,५००. खरं सांगते, पहिल्यांदा मला वाटलं की त्याचाच हिशोब चुकला असेल. माझा आकडा एक्सेलने काढलेला, त्याचा डायरीतला. पण त्याने डायरी समोर ठेवली आणि शेवटच्या आठवड्याची बिलं एकेक करून वाचायला सुरुवात केली. त्यातली बरीच बिलं माझ्या फाइलमध्ये होती, फक्त टोटलमध्ये नव्हती.

चूक नेमकी कुठे होती?

फाइलमध्ये दोन शीट होत्या. पहिली `Sales`. तिच्यात रोजची बिलं: तारीख, बिल नंबर, रूट, दुकान आणि E कॉलममध्ये रक्कम. दुसरी `Report`. तिच्यात तीन रूटची विक्री आणि खाली एकूण. रिपोर्टमधले फॉर्म्युले असे होते:

```
=SUM(Sales!E2:E181)
=SUMIF(Sales!C2:C181,"Sinnar",Sales!E2:E181)
```

पहिला फॉर्म्युला म्हणतो: E कॉलममध्ये दुसऱ्या ओळीपासून १८१ व्या ओळीपर्यंतची सगळी रक्कम बेरीज कर. दुसरा म्हणतो: त्याच ओळींमध्ये जिथे रूट सिन्नर असेल तेवढ्याच रकमांची बेरीज कर. दोन्ही फॉर्म्युले लिहिलेत बरोबर. अडचण आहे ती त्या `181` या आकड्यात.

ही फाइल मी जानेवारीत बनवली होती. जानेवारीत १८० बिलं झाली होती, म्हणजे हेडिंगची एक ओळ सोडून १८१ व्या ओळीपर्यंत. मी तेवढीच रेंज दिली आणि पुढे दर महिन्याला तीच फाइल कॉपी करून नवीन बिलं भरत गेले. फेब्रुवारीत १६१ बिलं झाली, मार्चमध्ये १७४. दोन्ही महिने मर्यादेच्या आत, त्यामुळे टोटल बरोबर. खालच्या ओळी रिकाम्या असल्या तर बेरजेला काही फरक पडत नाही. एप्रिलमध्ये मात्र २१२ बिलं झाली. नोंदी २१३ व्या ओळीपर्यंत गेल्या आणि फॉर्म्युला १८१ वरच थांबला. २७ ते ३० एप्रिलची ३२ बिलं शीटमध्ये होती, पण बेरजेच्या बाहेर राहिली.

इथे बरेच जण विचारतात, "मॅडम, आम्ही ओळ वाढवली की रेंज आपोआप वाढते ना?" वाढते, पण नेहमी नाही. रेंजच्या मधे कुठेतरी नवीन ओळ घातली, समजा १०० व्या ओळीच्या जागी, तर एक्सेल `E181` चं `E182` करतं. पण आपण बिलं भरताना मधे कधी घालतो का? आपण शेवटच्या बिलाखाली पुढचं बिल लिहितो. ती ओळ रेंजच्या बाहेर पडते. आणि फॉर्म्युला दुसऱ्या शीटवर असला की त्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात फसवी आहे. मी रिपोर्ट पाठवण्याआधी तपासला होता! तीन रूटची बेरीज आणि खालची एकूण जुळते का, ते पाहिलं होतं. ४,१२,८०० अधिक ३,०५,५०० अधिक २,२८,०००, बरोबर ९,४६,३००. जुळलं. जुळणारच होतं, कारण चारही फॉर्म्युले १८१ वर थांबले होते. एकाच चुकीच्या मापाने दोनदा मोजलं तर दोन्ही वेळा उत्तर सारखंच येतं. रिपोर्टमधले आकडे एकमेकांशी जुळणं म्हणजे ते बरोबर असणं नव्हे.

चूक शोधायची कशी?

मेल लिहिण्याआधी तीन मिनिटांचं काम. `Sales` शीटमध्ये E2 वर क्लिक करा आणि Ctrl+Shift+खालचा बाण दाबा. शेवटच्या बिलापर्यंत सगळ्या रकमा निवडल्या जातात. (मधे एखादी रक्कम रिकामी असेल तर निवड तिथेच थांबते, तेव्हा शेवटची ओळ डोळ्यांनी बघा.) आता एक्सेलच्या अगदी खालच्या पट्टीवर बघा, तिथे निवडलेल्या सेलची बेरीज आणि संख्या दिसते. माझ्याकडे तिथे दिसली ११,२९,७५० आणि २१२. रिपोर्टमध्ये होती ९,४६,३००. चूक आहे हे इथेच पक्कं झालं.

मग रिपोर्टमधल्या टोटलच्या सेलवर जा आणि Ctrl+[ दाबा. फॉर्म्युला ज्या सेलवर अवलंबून आहे ते सेल एक्सेल तुम्हाला निवडून दाखवतं. निवड १८१ व्या ओळीवर संपली आणि खाली अजून बिलं दिसत असली, की कारण सापडलं.

तिसरं काम बहुतेक लोक विसरतात. राहिलेल्या ओळींची, म्हणजे E182 पासून E213 पर्यंतची बेरीज वेगळी करून बघा. ती आली १,८३,४५०. आणि ११,२९,७५० वजा ९,४६,३०० किती? १,८३,४५०. म्हणजे सगळाच्या सगळा फरक या एका कारणाने पडलाय. हा फरक जुळला नसता तर अजून एखादी चूक लपलेली असती. मग "कारण सापडलं" असा मेल पाठवला आणि दोन दिवसांनी "अजून एक सापडलं" म्हणून दुसरा पाठवावा लागला असता. पहिल्या चुकीपेक्षा तो दुसरा मेल जास्त महागात पडतो.

मी आधी काय लिहिलं होतं

आता मेलकडे येऊ. मला घाबरायला झालं होतं, म्हणून घाईघाईने मी हे पाठवलं:

> सर, कालच्या रिपोर्टमध्ये काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम आला होता, त्यामुळे आकडे थोडे वेगळे आलेत. महिनाअखेरीला खूप काम होतं आणि सुट्टीमुळे घाई झाली, त्यामुळे लक्षात आलं नाही. खूप खूप सॉरी सर. मी नवीन रिपोर्ट पाठवत आहे, कृपया पाहावा. पुन्हा असं होणार नाही.

वाचायला नम्र वाटतं ना? सरांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. तीनच प्रश्न होते. किती फरक आहे? कशामुळे? मागचे तीन महिने तरी बरोबर आहेत का?

त्या दिवशी मला कळलं की माझ्या मेलमध्ये माफी होती, पण माहिती नव्हती. "थोडे वेगळे" म्हणजे दोनशे रुपये की दोन लाख? मालाची पुढची ऑर्डर द्यायची असलेल्या माणसाला यावरूनच ठरवायचं असतं. "टेक्निकल प्रॉब्लेम" म्हटलं की कॉम्प्युटर बिघडला असं वाटतं, आणि मग बाकीच्या सगळ्या फाइलींवरचा विश्वास उडतो. खरं तर कॉम्प्युटर व्यवस्थित होता. मी सांगितलं तेवढंच त्याने केलं होतं.

पाठवायला हवा होता तो मेल

> विषय: एप्रिल विक्री रिपोर्ट: टोटल ₹१,८३,४५० ने कमी होती, दुरुस्त फाइल सोबत
>
> सर,
>
> २ मेला पाठवलेल्या एप्रिलच्या रिपोर्टमधली टोटल चुकीची आहे. कृपया ती फाइल वापरू नये. दुरुस्त फाइल जोडली आहे.
>
> पाठवलेली टोटल: ₹९,४६,३००
> बरोबर टोटल: ₹११,२९,७५०
>
> कारण: बेरजेचा फॉर्म्युला १८१ व्या ओळीपर्यंतच होता. एप्रिलच्या नोंदी २१३ व्या ओळीपर्यंत आहेत. त्यामुळे २७ ते ३० एप्रिलची ३२ बिलं बेरजेत आली नाहीत. बिलांच्या नोंदी बरोबर आहेत.
>
> परिणाम: तिन्ही रूटची विक्री वाढली आहे. सिन्नर ₹३,०५,५०० ऐवजी ₹३,६९,७५० असून ₹३,५०,००० चं टार्गेट पूर्ण झालं आहे.
>
> जानेवारी ते मार्चचे रिपोर्ट तपासले, ते बरोबर आहेत. फॉर्म्युला दुरुस्त केला आहे आणि बिलांची संख्या बिल बुकशी जुळवली आहे (२१२).
>
> मेची ऑर्डर आणि सिन्नरचा इन्सेंटिव्ह नव्या आकड्यांवर धरावा, ही विनंती. पाठवण्याआधी मी हे तपासायला हवं होतं, त्याबद्दल दिलगीर आहे.

एवढाच. मोबाईलवर दोन स्क्रीनमध्ये बसतो. आता यातल्या काही जागा नीट बघू.

विषयाच्या ओळीतच फरकाचा आकडा आहे. साहेब गाडीत असतील, मीटिंगमध्ये असतील, मेल उघडणारही नाहीत, तरी जुन्या आकड्यावर काही करायचं नाही एवढं त्यांना कळतं. पहिल्या ओळीत "ती फाइल वापरू नये" हेही त्यासाठीच.

जुना आकडा आणि नवा आकडा एकाखाली एक आहेत. फक्त नवा आकडा दिला तर वाचणाऱ्याला जुनी फाइल शोधून तुलना करावी लागते. ते काम त्याच्यावर टाकू नका.

कारण चार छोट्या वाक्यांत आहे आणि त्यात एकही फॉर्म्युला नाही. `SUMIF` म्हणजे काय हे मॅनेजरला माहीत असायची गरज नाही. "फॉर्म्युला १८१ पर्यंत, नोंदी २१३ पर्यंत" हे शाळेत गेलेल्या कुणालाही समजतं. त्यांना खोलात जायचं असेल तर फॉर्म्युला फाइलमध्ये आहेच. आणि "बिलांच्या नोंदी बरोबर आहेत" हे छोटं वाक्य गाळू नका. टोटल चुकली म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती बिलांबद्दल. बिलं गहाळ झाली का, कुणी पैसे खाल्ले का? हे वाक्य ती शंका तिथेच मिटवतं.

परिणामाच्या भागात सिन्नरचं नाव वेगळं का घेतलं? शहर आणि निफाडचे आकडेही बदलले होते, पण तिथे कुठला निर्णय बदलत नव्हता. सिन्नरमध्ये एका माणसाचा इन्सेंटिव्ह जात होता. ज्या आकड्यामुळे कुणाचे पैसे किंवा कुठला निर्णय बदलतो, तो आकडा मेलमध्ये हवाच. बाकीचे जोडलेल्या फाइलमध्ये चालतात.

मागच्या महिन्यांचं वाक्य खरोखर तपासल्याशिवाय लिहू नका. मी प्रत्येक महिन्याची फाइल उघडून शेवटची ओळ बघितली. १८१, १६२ आणि १७५. एकही ओळ १८१ च्या पुढे नाही, म्हणून बरोबर. तुमच्याकडे जुना महिनाही चुकलेला निघाला, तर तोही याच मेलमध्ये सांगा.

आणि माफी? ती आहे, एका ओळीत, शेवटी. कामाचा ताण, सुट्टी, घाई यातलं काही नाही. ती कारणं खरी होती, पण ३२ बिलं का राहिली याचं उत्तर त्यात नव्हतं.

मेल कधी पाठवायचा?

बरोबर आकडा हातात आल्यावर. पण त्याला वेळ लागणार असेल आणि जुन्या आकड्यावर काहीतरी होणार असेल, तर आधी फोन करा किंवा दोन ओळींचा मेसेज टाका: "एप्रिलच्या रिपोर्टमध्ये चूक सापडली आहे. तो वापरू नका, बरोबर आकडा बारा वाजेपर्यंत देते." मग सविस्तर मेल. रिपोर्ट अजून कुणाकडे गेलाय तेही बघा. अकाउंटंटकडे गेला असेल तर त्यांनाही हाच मेल पाठवा, कारण दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचा असतो.

दुरुस्त फाइल जुन्या फाइलवर सेव्ह करू नका. नवीन नाव द्या, नावात "दुरुस्त ३ मे" असं लिहा. जुनी फाइल राहिली तरच कुणी विचारल्यावर चूक दाखवता येते.

फॉर्म्युला असा दुरुस्त करा

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ओळीचा आकडा काढून पूर्ण कॉलम द्यायचा:

```
=SUM(Sales!E:E)
=SUMIF(Sales!C:C,"Sinnar",Sales!E:E)
```

हेडिंगमध्ये अक्षरं असतात, ती `SUM` सोडून देतं. पण एक पथ्य पाळा: E कॉलममध्ये बिलांच्या खाली वेगळी टोटल लिहू नका, नाहीतर `SUM` तिलाही धरेल आणि एकूण रक्कम दुप्पट येईल. गुगल शीट्स वापरत असाल तर तिथे `E2:E` असंही लिहिता येतं, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत. एक्सेलमध्ये हे चालत नाही.

आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात एक सेल कायमचा तपासणीसाठी ठेवा:

```
=COUNT(Sales!E:E)
```

हा फॉर्म्युला E कॉलममध्ये किती रकमा आहेत ते मोजतो. हा आकडा बिल बुकशी जुळवा: शेवटचा बिल नंबर वजा पहिला बिल नंबर, अधिक एक. रद्द झालेलं बिलही शून्य रकमेने भरा, म्हणजे नंबर तुटत नाही. `COUNT` दोनने कमी आला तर एकतर दोन बिलं भरायची राहिलीत, किंवा त्यांची रक्कम एक्सेलने आकडा म्हणून नाही तर अक्षरं म्हणून धरली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून रक्कम कॉपी केली की असं होऊ शकतं. अशी रक्कम दिसते, पण `SUM` मध्ये येत नाही.

याची मर्यादाही सांगते. रक्कम चुकून ४,८५० ऐवजी ४८,५०० भरली, तर `COUNT` ला ते कळणार नाही. बिलं सगळी आली एवढंच ते सांगतं. पण बिल बुक एक्सेलच्या बाहेर आहे, म्हणून ही तपासणी खरी. माझी आधीची तपासणी फाइलच्या आतच फिरत होती.

माझ्या त्या मेलचं पुढे काय झालं? सरांच्या तीन प्रश्नांची उत्तरं मी दुसऱ्या मेलमध्ये दिली, वर दिलाय जवळपास तसाच. सिन्नरच्या सेल्समनला इन्सेंटिव्ह मिळाला. पण मेची ऑर्डर २ तारखेलाच गेली होती, जुन्या आकड्यावर. ती पुन्हा वाढवून द्यावी लागली आणि चहाचा माल आठवडाभर कमी पडला.

तुमच्या फाइलमध्ये आज एक काम करा. टोटलच्या सेलवर जा, Ctrl+[ दाबा आणि निवड कुठल्या ओळीवर थांबते ते बघा. शेवटच्या बिलाच्या आधीच थांबत असेल, तर मेलचा मसुदा वर आहेच.